नाव कसं घेऊ तुमचं?

मी बी. ए. झालो त्याच्या पुष्कळ आधी आमच्या गल्लीनं मला बी. ए. करून टाकलं होतं. कॉलेजात नाव घातलं त्या दिवसापासून ‘ए बीये’ हीच माझी हाक. दत्ता हे नाव घरापुरतं उरलं. मला त्याचा राग कधी आला नाही. उलट छाती फुगायची, आणि आज हे लिहितानाही ती थोडी फुगली आहेच, ते लपवत नाही. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आबा, म्हणजे माझे वडील, गुळाच्या बाजारात मापाडी होते. बाजार त्यांना ‘येसू मापाडी’ म्हणायचा. चौगुले हे आमचं आडनाव मला शाळेत घालताना मास्तरांनी विचारलं, तेव्हा आबांना क्षणभर आठवावं लागलं होतं म्हणे. माणसाचं नाव ही गोष्ट सरळ नसते, एवढं मला तेव्हापासून माहीत.

घर तालमीला लागून. पहाटे आधी तालमीतल्या पोरांचे जोर सुरू व्हायचे, ते हुं हुं हुं भिंतीतून ऐकू यायचं, मग आईच्या जात्याची घरघर, मग दादाच्या सायकलची घंटी. दादा, माझा थोरला भाऊ शंकर, इंजिनच्या कारखान्यात लेथवर होता. तो कामावरून आला की घरात लोखंडाचा आणि आबा आले की गुळाचा वास. आबांच्या धोतराला गूळ चिकटलेला असायचा आणि मुंग्या त्यांच्यामागं घरात यायच्या. आई म्हणायची, “ह्यांची वरात आली बघा.” न्याहारीला भाकरी, खर्डा, वर कच्च्या तेलाची धार. गुळाचा खडा मागावा लागत नसे. इतका गूळ खाऊन वाढलेलं आमचं घर, पण बोलणं मात्र खर्ड्यासारखं. कोल्हापुरात प्रेमानं बोलतानाही पलीकडच्या गल्लीला भांडण लागलंय असं वाटतं.

ह्या घरात वहिनी आली शिरोळहून. तिच्या येण्याची गोष्ट आई दर दिवाळीला फराळ करताना सांगायची, आणि आम्ही ती दर वेळी नव्यानं ऐकायचो. लग्न लागून वरात घरी आली. लक्ष्मीपूजन झालं. मग नाव ठेवायची वेळ. आमच्याकडं नव्या सुनेचं नाव बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, तिच्या कानात सांगायचं आणि घरच्यांनी साखर वाटायची. एवढं झालं की माहेरचं नाव माहेरी राहिलं. आईनं दादाला आधीच बजावून ठेवलं होतं, “लक्ष्मी लिव्ह. दुसरं कायबी डोकं चालवू नगंस.” दादानं अंगठी हातात घेतली, नखांत कारखान्याचं काळं तसंच, आणि लिहायचं सोडून बसला तो बसला. सगळ्यांना वाटलं, अक्षर विसरला. आणि मग त्यानं काय केलं, तर नव्या नवरीकडं वाकून विचारलं, “तुला कंचं आवडतंय?”

“सगळ्या बायका गपगार,” आई सांगायची. “मी म्हटलं, झालं, आता ही काय बोलतीया? नवी नवरी. मान वर काढायची न्हाय ती. तर बया झटक्यासरशी म्हणाली, ‘विमल’. जशी काय वर्षभर घोकून आली हुती.”

दादानं विमल लिहिलं. आईनं साखर वाटली, पण तोंड वाकडं करून. लक्ष्मी हुकली ती हुकलीच. मात्र पुढं हीच गोष्ट ती इतक्या रंगानं सांगायची की विमल हे नाव तिनंच सुचवलं असावं असं नव्या माणसाला वाटे.

विमल हे नाव कुठून आलं ते वहिनीनं मला पुढं सांगितलं. शिरोळच्या शाळेतल्या मास्तरांची मुलगी विमल. ती हिच्या शेजारी बसायची. मास्तर पटावरची नावं घ्यायचे तेव्हा ‘विमल’ म्हणताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. त्याच्या लगेच खाली वहिनीचं नाव. ते घेताना आवाज काही मऊ होत नसे आणि मागच्या बाकावरची पोरं फिसकन हसायची. कारण वहिनीचं माहेरचं नाव होतं नकुसा. तीन मुलींवर चौथी झाली म्हणून नकुसा. आता मुलगी नको, असं देवाला कळावं म्हणून ठेवायचं ते नाव. आमच्या भागात अशा नकुसा गावोगावी होत्या आणि त्यांना हाका मारणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. हाक मारून मारून अर्थ झिजतो. ज्याला हाक मारतात त्याच्या बाजूनं मात्र तो झिजत नाही.

वहिनी चौथीपर्यंत शिकलेली. इथं आल्यावर तिनं माझी पुस्तकं वाचायला सुरुवात केली ती चुलीपुढं बसून, भाकरी थापता थापता. माझ्या भूगोलाच्या पुस्तकाला पिठाची बोटं असायची. सातवीच्या फायनलचा अभ्यास मी घेतला म्हणून ती गावभर माझं कौतुक करी. खरं म्हणजे मी फक्त पाठ म्हणून घेत होतो. पास झाली ती स्वतःच्या डोक्यानं. आणि पास झाल्यावर स्वस्थ बसली असती तर ती वहिनी कसली? दुपारी भांडी आवरली की तिनं गल्लीतल्या बायकांना आमच्या सोप्यात, पुढच्या पडवीत, बसवायला सुरुवात केली. पाटी, पेन्सिल, आणि पहिला धडा एकच. स्वतःचं नाव.

तिथंच पहिली गंमत झाली. “कंचं नाव लिवू?” हौसाकाकू म्हणाली. “म्हायारचं का सासरचं?”

वहिनी म्हणाली, “तुमचं तुम्हाला जे गोड लागतं ते.”

“सासऱ्यानं ठेवलेलं सरस्वती हाय. पर मला कुणी सरस्वती म्हटलं की वाटतं, मागं दुसरीच कुणी बाई उभी हाय.”

“मग हौसा लिवा.”

अशा रीतीनं आमच्या सोप्यात कुणी माहेरचं नाव गिरवू लागली, कुणी सासरचं. पुढची अडचण मधल्या नावाची. पुरं नाव लिहायचं तर नवऱ्याचं नाव मध्ये येणार, आणि ते तोंडानं उच्चारायचं कसं? बायका लिहायच्या, पण वाचताना तेवढ्यावर बोट ठेवून पुढं उडी मारायच्या. ‘हौसा... जाधव.’ मधल्या जागेला सगळ्या खुसूखुसू हसायच्या. सोपा अपुरा पडायला लागला तेव्हा तालमीच्या पंचांनी पुढची खोली दुपारची मोकळी करून दिली. ज्या तालमीत बाईची सावली पडत नव्हती तिथं दुपारी काकणं वाजू लागली. सकाळी शड्डू, दुपारी ‘क काकडीचा’. पैलवान पोरं लंगोट वाळत घालायला मागच्या परड्यात जायला लागली.

वर्षभरानं तालमीनं ठरवलं, वहिनीचा सत्कार करायचा. आणि वर्गाला पाटी रंगवून देणाऱ्या रमजानभाईंचाही. मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाई समारंभाच्या अध्यक्ष. मंडप, कर्णा, गुलाल नाही पण हार, सगळं ठरलं. तालमीचे अध्यक्ष आण्णा, गुळाचे अडत्ये, आवाज असा की कर्ण्याची गरज नसावी. त्यांनी मला बोलावलं. “बीये, वळख तू करून द्यायची. तुझं कालेज कवा कामाला यायचं? पर एक ध्येनात ठेव. नाव घेताना चुकलास तर मानसं जल्मभर इसरत न्हाईत. हार वाकडा पडला तरी चालंल.”

आण्णांचं हे वाक्य मला अजून पटतं. मी ठरवलं, आपल्या मनानं कुणाचंच नाव घ्यायचं नाही. ज्याचं त्याला जाऊन विचारायचं. नाव कसं घेऊ तुमचं? ह्यात लाज कसली? आजही लग्नपत्रिका छापायच्या आधी घरची पोरं मला विचारायला येतात, आजोबा, ह्यांच्यापुढं काय लावू, त्यांच्यापुढं काय लावू? मी म्हणतो, फोन आहे ना तुमच्या हातात, मग त्यांनाच विचारा. ते त्यांना अवघड वाटतं.

आधी गेलो मोठ्या बाईंकडं. त्यांचे यजमान वारलेले. आण्णांचं म्हणणं, रीतीप्रमाणं ‘गं. भा.’ लावायचं. त्या काळी विधवेच्या नावामागं गंगा भागीरथी लावणं हा मानच समजत. मी विचारलं तेव्हा बाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “हे छान केलंस, विचारलंस ते. कोण विचारत नाही. माझा नवरा नाही हे माझ्या नावाच्या आधी कर्ण्यातून कशाला सांगायचं? श्रीमती म्हण. किंवा काहीच म्हणू नको, नाव घे आणि पुढं बाई जोड. मला मुली बाईच म्हणतात, त्यापेक्षा मोठं मला काही नको.” आणि वर खडीसाखर दिली हातावर, जसा काही मी अजून चौथीतला.

मग रमजानभाई. कोल्हापुरातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक वळणदार अक्षरात एकच शब्द, ‘रमजान’. मी गेलो तेव्हा ते शिडीवर, तोंडात पान, एका सोनाराच्या पाटीतला ‘स’ सोन्याच्या रंगानं भरत होते. आण्णा माझ्यासोबत आले होते, कारण एकशब्दी नाव त्यांच्या मनाला येत नव्हतं.

“रमजान,” आण्णा खालून म्हणाले, “आडनाव सांग बाबा. स्टेजवर नुसतं रमजान म्हटलं तर कसं उघडंबोडकं वाटतंय.”

“आडनाव न्हाय आमाला.”

“आसं कसं न्हाय? मुल्ला लावू?”

“मुल्ला पलीकडच्या गल्लीत ऱ्हातो. त्याला हार घाला मग.”

“बरं, पेंटर लावतो. रमजान पेंटर. झ्याक!”

रमजानभाईंनी पिंक टाकली, ती आण्णांपासून अंतर राखून. “आण्णा, पेंटर माझा धंदा हाय. तुमाला म्या आण्णा गूळवालं म्हनू का भर मंडपात?”

आण्णांची मिशी थरथरली. मी मध्ये पडलो. “रमजानभाई, तुम्ही सांगा. मी नाव कसं घेऊ?”

ते शिडीवरून खाली उतरले. हात पुसले. गंभीर झाले. “बापाचं नाव कासम. कचेरीत लिवत्यात रमजान कासम. त्ये खोटं न्हाय. पर ह्या गावात मला वळखत्यात ते पाटीखालच्या नावानं. बीस बरस झालं, त्येच्यात काय कमी पडलं न्हाय. तू श्री. लाव, रमजान म्हण, आनि थांब. पुढं कायबी लटकावू नगंस. नाव पुरं हाय माझं.”

‘नाव पुरं हाय माझं.’ हे मी पाठच करून टाकलं. मराठीत मान द्यायला आडनाव कशाला लागतं? ‘हे’ म्हणावं, ‘त्यांनी’ म्हणावं, मान आपोआप बसतो. आण्णा परतीच्या वाटेवर धुसफुसत होते, “गूळवाला म्हणं! गूळवाला!” आणि मग त्यांनाच हसू आलं.

राहिली वहिनी. तिला विचारायला कुठं जायचं नव्हतं. ती चुलीपुढं होती.

“वहिनी, तुमचं नाव कसं घेऊ?”

“आता तुम्हाला म्हाईत न्हाय व्हय, भावजी? सौ. विमल. मधी ह्यांचं नाव घाला, माझ्या वतीनं. मग चौगुले.”

“आणि माहेरचं? तालमीची रीत आहे, सुनेचा सत्कार असला की माहेरचं नाव पण घ्यायचं. तुमच्या वडलांना, तात्यांनापण बोलावणं गेलंय.”

भाकरी तव्यावर तशीच राहिली. फुगली, फुटली, करपायला लागली. माझ्या आठवणीत वहिनीनं करपवलेली ती एकच भाकरी.

“भावजी,” ती म्हणाली, “ते नाव कर्ण्यातनं आलं तर मी स्टेजवरनं उतरणार आणि घरी येणार. हार तसाच राहू दे. माझ्या वर्गातल्या बायकांना मी सांगितलंय, आवडंल ते नाव लिवा. आणि माझंच नको ते नाव सगळ्या पेठेला ऐकवायचं?” मग हलक्या आवाजात, “तात्यांना हे सांगू नका. त्यांना वाईट वाटंल.”

सत्काराच्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं तात्या आले. वहिनीचे वडील, ज्ञानू माने. नवा कोरा फेटा, खांद्यावर भुईमुगाच्या शेंगांचं पोतं, हातात काकवीची बरणी आणि सोबत वहिनीच्या पाठचा बाळू, हा असा दांडगा. तात्या माणूस सोन्यासारखा. बरणी आईच्या हातात देऊन त्यांनी मला मिठीच मारली आणि सोप्यात सगळ्यांच्या देखत म्हणाले, “बीये, माझ्या लेकीचं नाव नीट घ्या हां. नकुसा ज्ञानू माने, शिरोळ. लई गुणाचं नाव हाय ते. तीन पोरींवर नकू झाली आणि तिच्या पाठीवर ह्यो बाळू. नाव लागू पडलं! आमच्या घराला दिवा दिला त्या नावानं.”

त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही ज्याला शिवी समजत होतो ते त्यांना नवस फळल्यासारखं होतं. आतल्या खोलीत भांडं आपटल्याचा आवाज झाला.

आण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, “म्हातारा पावणा एवढ्या लांबनं आलाय. त्याचा मान ऱ्हायलाच पायजे. घे की नाव! काय बिघडतंय?”

“वहिनी उतरून जाईल.”

“आणि न्हाय घेतलंस तर म्हातारा उठून जाईल. सत्कार हाय का सर्कस?”

मंडप भरला. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, तालमीच्या भिंतीवर पोरं. वहिनी हिरव्या इरकलीत, ताठ, दोन्ही हात मांडीवर. तात्या पहिल्या रांगेत, गुडघे फाकून, कान माझ्याकडं. मी कर्ण्यापुढं उभा राहिलो. मोठ्या बाईंचं नाव घेतलं, बाई म्हणून, आणि त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघून मान हलवली. मग म्हणालो, “हे श्री. रमजान. कोल्हापुरात ज्याला वाचता येतं त्यानं ह्यांचं नाव वाचलेलं आहे, आणि आमच्या वर्गामुळं ते वाचणाऱ्यांत आणखी भर पडली आहे.” आणि थांबलो. टाळ्या अशा पडल्या की भिंतीवरची दोन पोरं खाली आली. रमजानभाई हार घालून घेताना आण्णांच्या कानात काहीतरी बोलले. “गूळवाला” एवढं मला ऐकू आलं. आण्णा पोट धरून हसले.

मग वहिनी. मी तिच्याकडं पाहिलं. ती खुर्चीच्या कडेवर आली होती, उठायच्या बेतात. मी तात्यांकडं पाहिलं. आणि दोन दिवस जे वाक्य जुळत नव्हतं ते तिथं जुळलं. माहेर म्हणजे काय, लहानपणीची हाक का? माहेर म्हणजे गाव, बाप, आडनाव. सुनेचं माहेर सांगताना मानानं सांगतात ते ‘अमक्या गावच्या अमक्यांची लेक’, असंच तर.

“शिरोळचे प्रतिष्ठित शेतकरी श्री. ज्ञानू माने, जे आज इथं पुढं बसले आहेत, त्यांची ही लेक,” मी म्हणालो. “माहेरच्या माने. आमच्या घरची थोरली सून. सौ. विमल शंकर चौगुले.”

वहिनी खुर्चीत मागं टेकली. लोकांनी तात्यांकडं वळून टाळ्या वाजवल्या. तात्या गोंधळून उठले, फेट्याला हात लावून चारी बाजूंना नमस्कार केला, बसले, आणि मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. काहीतरी राहिलंय हे त्यांना कळलं होतं.

पुढचा कार्यक्रम वहिनीनं ठरवलेला. वर्गातल्या बायकांनी एकेकीनं कर्ण्यापुढं यायचं आणि आपलं नाव आपण सांगायचं. एवढंच. पण एवढंच कधी कुणी केलं नव्हतं. हौसाकाकू आली, पदर तोंडात, आणि एकदम ओरडली, “हौसा!” कर्णा किंचाळला. मागनं तिचा नवरा म्हणाला, “आणि माझं?” बायकांत हशा. “तुमचं तुम्ही सांगा की!” काकू म्हणाली. एकजण आली, तिनं सासरचं नाव सांगितलं, सुभद्रा, आणि स्वतःच लाजून म्हणाली, “मला ह्येच ब्येस वाटतं.” शेवटी लोकांनी वहिनीला सोडलं नाही. तिनं उभं राहून उखाणाच घेतला,

“लेथवर लोखंड फिरतंय गरागरा,
शंकररावांच्या विमलला टाळ्या द्या भराभरा!”

दादा मांडवाच्या खांबाआड जाऊन उभा राहिला. कारखान्यातली त्याची मित्रमंडळी त्याला बाहेर ओढत होती. मोठ्या बाई भाषणात काय बोलल्या ते मला आठवत नाही, कुणालाच आठवत नसावं.

घरी पंगत बसली. तांबडा, पांढरा, वड्यांचा डोंगर. आईनं सकाळपासून मसाला वाटला होता. सगळ्यांनी पहिला घास घेतला. तात्यांनी घेतला नाही. हात मांडीवर, नजर ताटात. पावणा जेवत नाही म्हटल्यावर आबांनीही हात थांबवला. मग दादानं. मग सगळ्यांनी.

“काय झालं, पावणं?” आबा म्हणाले.

“नाव गाळलंसा,” तात्या म्हणाले. “माझं घेतलंसा, गावाचं घेतलंसा. लेकीचं गाळलंसा. मी ठेवलेलं नाव तुम्हाला हलकं वाटलं व्हय?”

मी तोंड उघडलं. त्याआधी वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली, हातात रश्श्याची वाटी तशीच.

“भावजींनी न्हाय गाळलं, तात्या. मीच सांगितलं हुतं.”

“का गं?”

“बाळू झाला तो त्याच्या नशिबानं झाला. तुमच्या घरात दिवा लागला, लई चांगलं झालं, माझा लाडका भाऊ हाय तो. पर तात्या, त्या दिव्याखाली बसून मी रोज ऐकलंय, नको, नको, नको. शाळेत ऐकलं, विहिरीवर ऐकलं. तुम्ही लाडानं नकू म्हणायचा, मला कळायचं की लाड हाय. तरीबी शब्द तो शब्दच.”

बाळू ताटाकडं बघत लाल झाला होता. “कवा बोलली न्हाईस,” तात्या शेवटी म्हणाले.

“कुणी विचारलंच न्हाय. ह्या घरात पहिल्या दिवशी विचारलं, तवा सांगितलं.”

आईनं पदरानं डोळे टिपले आणि लगेच आवाज चढवला, “आवो, रस्सा निवतोय! पावणं, घास घ्या. लक्ष्मी ठेवायची हुती मला, माझंबी कुणी ऐकलं न्हाय.”

तात्या हसले. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्यानं. त्यांनी भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली, घास घेतला आणि त्यांचे डोळे वाहू लागले. “लई तिखट करता बाबा तुम्ही कोल्हापूरकर,” ते म्हणाले. शिरोळचा माणूस हे म्हणत होता, ज्याच्या रानातली मिरची आम्हाला सोसत नसे. दादानं त्यांच्या पानात दोन वडे जास्तीचे वाढले.

संध्याकाळची एस.टी. गाठायची होती. सगळे दारात. शेजारीपाजारी, हौसाकाकू, शेजारी तालमीपुढं शिडीवर रमजानभाई, कारण मंडपातली कापडी पाटी उतरवायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नसतं. तात्यांची रीत ठरलेली. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की वळायचं, हात वर करायचा आणि म्हणायचं, ‘नकू, येतो गं.’ त्या दिवशी ते वळले, हात वर केला, आणि तसेच उभे राहिले. ओठ हलत होते. पंचवीस वर्षांची सवय एका जेवणात मोडायची म्हणजे खायचं काम नव्हे. त्यांनी घसा खाकरला.

“इमल,” ते म्हणाले. त्यांच्या जिभेला ‘वि’ यायचा नाही. “येतो गं, इमल.”

वहिनीचा चेहरा मी बघत होतो. मला वाटलं, ती रडणार. पण ती आमच्या घरची झाली होती. तिनं कमरेवर हात ठेवला.

“जरा मोठ्यांदा म्हणा की, तात्या. आईला शिरोळात ऐकू जाऊ दे!”

तात्यांनी फेटा सावरला, छाती भरून श्वास घेतला आणि असा आवाज काढला की तालमीतले पैलवान बाहेर आले.

“इमऽऽल!”

शिडीवरून रमजानभाईंनी हात उंचावला. “वा तात्या! नाव पुरं हाय. आता पुढं कायबी लटकावू नका.”